बाळ बघायला जाताना: दोन पाजण्यांमधला अर्धा तास

बाळ-बाळंतीण असलेल्या घरात दिवस दुधाच्या वेळांवर चालतो. पहिल्या महिन्यात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा अंगावर पितं. म्हणजे साधारण दर दोन ते तीन तासांनी. पण हे अंतर पाजायला सुरुवात केल्यापासून पुढच्या सुरुवातीपर्यंत मोजतात, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. पाजण्यातच अर्धा-पाऊण तास जातो. मग ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, थोपटून निजवायचं. हे सगळं उरकेपर्यंत पुढच्या पाजण्याला जेमतेम सव्वा ते दीड तास उरतो, आणि आईला आंघोळ, जेवण, झोप जे काही करायचं ते तेवढ्यातच. आपली भेटही त्याच वेळातून कापून घेतलेली असते.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. मैत्रीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, पुण्यात. सिझर झालंय, बाळ १६ दिवसांचं आहे. रविवारी दुपारी तिने अडीचला पाजायला घेतलं. सव्वातीनपर्यंत पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून झालं. साडेतीनला बाळ झोपलं. पुढचं दूध पाचच्या आसपास. अशा दिवशी चारला जावं आणि साडेचारला उठावं. आधीचा अर्धा तास ती पाठ टेकते, नंतरच्या अर्ध्या तासात चहा घेते आणि बाथरूमला जाऊन येते. टाके ओले असताना बाथरूमला जाऊन येणं हेही पाच मिनिटांचं काम नसतं. आपण सव्वापाचपर्यंत रेंगाळलो तर बाळ आपल्यासमोरच उठतं, रडतं, आणि तिला परक्यासमोर घाईघाईने पाजायला घ्यावं लागतं.

सकाळची वेळ टाळावी. बहुतेक घरांत सकाळी मालिशवाली बाई येते. आधी बाळाचं, मग बाळंतिणीचं तेल-पाणी होतं. हे अकरा-साडेअकरापर्यंत चालतं. न्हाऊन दूध प्यायलेलं बाळ त्यानंतर दिवसातली सगळ्यात गाढ झोप घेतं, आणि शहाणी आई त्याच वेळी झोपून घेते. तिन्हीसांजेला बाळंतिणीकडे जाऊ नये असं जुनी माणसं सांगतात. त्यांची कारणं काहीही असोत, सल्ला बरोबर आहे. संध्याकाळी सहा ते रात्री दहा-अकरा या वेळात अनेक बाळं सारखी किरकिर करतात आणि तासाभरात दोन-तीनदा प्यायला मागतात. पहिले काही आठवडे हे असंच चालतं. त्या वेळी घरातली दोन माणसंही कमी पडतात. त्यात पाहुणा नको.

फोन कुणाला करायचा, यातही एक खुबी आहे. मैत्रिणीला आधी मेसेज करावा, आणि त्यात नकाराला जागा ठेवावी: "रविवारी चारच्या सुमाराला अर्धा तास डोकावू का? नको असेल तर नुसतं नको लिही, बारशाला भेटू किंवा पुढच्या महिन्यात." तिने हो म्हटल्यावर तिच्या आईला, म्हणजे काकूंना, फोन करावा, कारण घर त्यांचं आहे आणि स्वयंपाकघरही. "काकू, चहा-पोहे काही करू नका, खाऊनच येतेय" हे फोनवरच सांगून टाकलं तर बरं. दारात सांगितलेलं कुणी ऐकत नाही. निघताना पुन्हा एक मेसेज: "निघू ना?" बाळाने सकाळपासून वेळापत्रक मोडलेलं असू शकतं, आणि शेवटच्या क्षणी आलेला नकार मनाला लावून घ्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात शक्यतो जाऊच नये. सिझरनंतर तीन-पाच दिवस दवाखान्यात जातात, दूध भरून यायला लागलेलं असतं, छाती दुखत असते, झोपेचा पत्ता नसतो. तिसऱ्या आठवड्यापासून जरा घडी बसते. काही घरांत सव्वा महिना बाहेरच्या कुणाला बोलावतच नाहीत. तिथे थांबावं, वाद घालू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कुणी-कुणी जाऊच नये ते. सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे आलेत, ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोड आलेत, यांपैकी काहीही असेल तर भेट पुढे ढकलावी. "थोडीशीच सर्दी आहे, लांबून बघेन" हे चालत नाही. मोठ्यांना नुसतं शिंकवणारे विषाणू एवढ्या लहान बाळाची छाती भरून टाकू शकतात. डांग्या खोकल्याचंही तसंच आहे. मोठ्या माणसात तो आठवडे रेंगाळणारा साधा खोकला वाटतो. लहान बाळाला मात्र खोकला न येता श्वासच थांबू शकतो. त्यावरची लस असलेला पहिला डोस आपल्याकडे बाळाला सहाव्या आठवड्यात मिळतो. जन्मल्यावर देतात ती बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ बीची लस. म्हणजे १६ दिवसांच्या बाळाजवळ डांग्या खोकल्याविरुद्ध स्वतःच्या लसीचं काहीच नसतं. ओठावरच्या फोडांचा विषाणू मुक्यातून बाळाला लागला तर मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आणि तो फोड दिसत नसतानाही कधीकधी लाळेत असतो, म्हणून मुका कुणीच घेऊ नये. गालाचा नको, हाताचाही नको, कारण तो हात लगेच बाळाच्या तोंडात जातो.

शाळेत जाणारी आपली मुलं घरी ठेवावीत. ती धडधाकट दिसतात, पण वर्गात काय फिरतंय ते दोन दिवसांनी कळतं. कांजिण्या तर पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात. जाताना दोघांपेक्षा जास्त जण नकोत. सिगारेट ओढणाऱ्याने निघण्याआधी कपडे बदलावेत आणि त्या दिवशी अत्तर-सेंटही नको.

न्यायचं काय? बाळंतविडा न्यायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि झबली-टोपडी-दुपटी उपयोगी पडतातच. पण सगळे जण अगदी लहान मापाची आणतात आणि बाळ दोन महिन्यांत त्यातून बाहेर येतं. तीन ते सहा किंवा सहा ते बारा महिन्यांचं माप घ्यावं, आणि ते माप येईल तेव्हा कुठला ऋतू असेल हे मोजावं. मेमध्ये वापरायच्या मापाचा लोकरीचा स्वेटर नुसताच कपाटात पडतो. कापड सुती, पुढून उघडणारं, बंद किंवा चपट्या बटणांचं. मोजे आणि हातमोजे आतून उलटे करून सुटे धागे बघावेत. असा धागा बोटाला गुंडाळला गेला की बोट लाल होऊन सुजतं, बाळ रडत राहतं, आणि मोजा काढून बघायचं कुणाला सुचत नाही. डायपर न्यायचे तर एक माप मोठे. पावडर, सुगंधी तेल, अत्तर असलेल्या बाळसंचांची गरज नाही.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू त्या घरात डबे भरून असतात. त्यापेक्षा बाकीच्या घरासाठी त्या रात्रीची पोळी-भाजी नेली तर काकू आयुष्यभर लक्षात ठेवतील. परत द्यावा लागणार नाही अशा डब्यात, कमी तिखट, आणि ते बाळंतिणीसाठीच आहे असा आग्रह न धरता. तिचं पथ्य प्रत्येक घरात वेगळं असतं. घरात मोठं भावंड असेल तर त्याच्यासाठी रंगीत खडूंसारखं काहीतरी न्यावं, आणि दारात आधी त्याच्याशी बोलावं. आलेला प्रत्येक माणूस त्याला ओलांडून पाळण्याकडे जात असतो.

बेल वाजवू नये, दारावर हलकेच टकटक करावी किंवा मोबाईलवर रिंग द्यावी. स्वतःचा फोन आवाज बंद करून आत. पाय धुवावेत, मग हात. अंगठी, घड्याळ काढून, बांगड्या वर सारून, साबणाने बोटांच्या बेचक्यांपर्यंत आणि नखांच्या खाली, किमान २० सेकंद. ते तिथल्या घरच्या टॉवेलला पुसू नयेत. दिवसभरात दहा पाहुण्यांनी तो वापरलेला असतो. स्वतःचा धुतलेला रुमाल न्यावा. सांगितलं नाही तरी हात धुवावेत, कारण "हात धुतलेस का?" हे विचारणं मैत्रिणीला सगळ्यात अवघड जातं. तिने विचारण्याआधीच आपण धुऊन आलो की ती मोकळी होते. हात धुतल्यावर फोन हातात घेतला तर पुन्हा धुवायचे.

आत गेल्यावर आधी तिच्याकडे बघावं. सकाळपासून आलेले सगळे "कुठंय बाळ?" म्हणत आलेले असतात. तिला उठू देऊ नये. सिझरनंतर अंथरुणातून उठायला कुशीवर वळून हाताने रेटा द्यावा लागतो. दर पाहुण्यामागे एकदा उठणं म्हणजे टाक्यांवर दर वेळी ताण. आपण पलंगावर, तिच्या अंथरुणावर बसू नये. खुर्ची ओढून घ्यावी. "दमलेली दिसतेस" हे वाक्य गिळावं, तिला ते माहीत आहे. "कशी आहेस? काल रात्री किती झोप मिळाली?" एवढं विचारून तिला बोलू द्यावं. तिला बाळंतपणाची हकीकत सांगायची असेल तर ती सांगेल, "नॉर्मल की सिझर?", "एवढी काय घाई होती सिझरची?" या चौकशा नकोत. स्वतःच्या किंवा नणंदेच्या बाळंतपणातले भयंकर प्रसंगही नकोत.

बाळाबद्दल बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नवजात बाळात बऱ्याच गोष्टी विचित्र दिसतात आणि साध्या असतात. ते वारंवार शिंकतं, त्याचं नाक वाजतं. ती सर्दी नसते. झोपेत दचकून दोन्ही हात पसरतं. ती फिट नसते. त्वचेची सालं निघतात, गालावर बारीक पुटकुळ्या येतात, खांद्यावर लव असते. नॉर्मल बाळंतपणात डोकं लांबट झालेलं असतं आणि काही दिवसांत ते गोल होतं. आपण सहज म्हणतो, "सर्दी झाली वाटतं गं याला." आपण घरी जाऊन झोपतो आणि ती रात्रभर त्याचा श्वास ऐकत बसते. "बारीक वाटतंय" हेही तसंच. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि जन्माचं वजन पुन्हा गाठायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे १६ दिवसांचं बाळ जन्मवेळेएवढंच असणं हे ठीकच आहे. गोरं-सावळं, नाक कुणाचं आणि कान कुणाचे, यावरही निकाल देऊ नये. तिथे दोन्हीकडच्या आज्या बसलेल्या असतात.

सगळ्यात घातक प्रश्न म्हणजे "दूध पुरतंय ना?" यामागे काळजी असते, पण परिणाम उलटा होतो. बाळ जितकं ओढेल तितकं दूध पुढे तयार होतं. आईच्या मनात शंका शिरली की एखादी बाटली पावडरच्या दुधाची जाते, बाळ तेवढं कमी ओढतं, दूध खरंच कमी होतं, आणि शंका खरी ठरते. दूध पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरून कळत नाही. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होते का आणि वजन वाढतंय का, यावरून कळतं. हे बघायला तिचे डॉक्टर आहेत. मध, साखरपाणी, गुटी चाटवायचा सल्ला तर अजिबात नको. पहिले सहा महिने आईचं दूधच पुरतं. मध एक वर्षापर्यंत देऊ नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

मुलगी झाली असेल तर "पहिली बेटी, धनाची पेटी" म्हणायचा मोह आवरावा. वाक्य कौतुकाचं आहे, पण मुलगा झाल्यावर असं सांत्वनाचं काही कुणी म्हणत नाही, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळतं. "बाळ-बाळंतीण सुखरूप, फार छान वाटलं" हे दोघांनाही चालतं. काही घरांत बाळाचं फार कौतुक केलेलं आवडत नाही, दृष्ट लागेल म्हणून. तिथे "आज दृष्ट काढा हो काकू" म्हटलं की कौतुकही होतं आणि कुणाला टोचतही नाही.

बाळ मांडीवर घ्यायला आपण मागू नये. ती "घेतेस का?" म्हणाली तर घ्यावं, आणि झोपलेलं असेल तर तेव्हाही नको म्हणावं. आधी खुर्चीत मागे टेकून बसावं, मांडीवर धुतलेलं दुपटं पसरावं, आणि बाळ काकूंना ठेवू द्यावं. मान धरायला बाळाला साधारण चार महिने लागतात, म्हणून एक हात मान आणि डोक्याच्या खाली, दुसरा ढुंगणाखाली. हनुवटी छातीला टेकलेली नसावी, नाक आपल्या साडीत-ओढणीत दबलेलं नसावं. उभं राहून झुलवायचं नाही, हवेत उचलायचं नाही, गाल ओढायचे नाहीत. जवळपास गरम चहा नको. दोन-तीन मिनिटांत परत द्यावं, तेही तिच्याकडे किंवा काकूंकडे, दुसऱ्या पाहुण्याकडे नाही. बाळ नजर फिरवून घेतं, जांभया देतं, बोटं ताणून पसरतं तेव्हा त्याला पुरे झालेलं असतं. हातातून हातात फिरलेलं बाळ संध्याकाळी जास्त किरकिरतं, आणि त्याचं बिल आई भरते.

बाळाच्या मुठीत नोट ठेवायची पद्धत गोड आहे, पण तळहाताला काही लागलं की नवजात बाळ घट्ट मूठ आवळतं आणि मूठ थेट तोंडात जाते. नोटा आणि नाणी शंभर हातांतून आलेली असतात. पाकीट उशाशी ठेवावं किंवा आईच्या हातात द्यावं. काळा दोरा, मण्यांची मनगटी आणली असेल तर बांधायची घाई आपण करू नये. गळ्यात दोरा तर कुणीच नको. फोटो विचारूनच, फ्लॅशशिवाय, आणि तो कुठे टाकायचा ते आई-बाप ठरवतील. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पहिला फोटो आपण टाकायचा नाही.

उठायची वेळ बाळ स्वतः सांगतं. झोपेतून चुळबुळ करत मूठ तोंडाकडे नेली, मान एका बाजूला वळवून तोंड उघडलं, की ते भुकेलं झालंय. रडणं ही त्यानंतरची पायरी. आधीच्या खुणा दिसल्या की उठावं. "पाज की तू, आम्ही बसतो बाहेर" हा अर्धवट उपाय आहे, कारण बाहेर कुणी थांबलंय म्हणून ती घाई करते आणि बाळ अर्धपोटी सुटतं. चहा आला नसेल तरी उठावं. उठताना स्वतःचे कप विसळून ठेवावेत, आणि "काही लागलं तर सांग" ऐवजी काहीतरी नेमकं बोलावं: "बुधवारी मी मेडिकलमध्ये जाणारच आहे, गोळ्यांची चिठ्ठी आत्ताच फोटो काढून पाठव." पहिल्या वाक्यावर कुणीच काही सांगत नाही, दुसऱ्यावर चिठ्ठी येते.

बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर "रडू नकोस, दूध आटेल" म्हणू नये. पाणी द्यावं, गप्प बसावं, काकूंना हाक मारून गाजावाजा करू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असं भरून येणं बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवडे उलटूनही बहुतेक दिवस उदास जातोय, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही असं ती म्हणते, तर ते साधं रडू नाही. तिला विचारून तिच्या नवऱ्याशी किंवा आईशी बोलावं आणि डॉक्टरांकडे न्यायला सांगावं. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही तिच्याजवळ असू द्यावा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार तिने बोलून दाखवला, तर परवानगी विचारत बसू नये, तिला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरी आल्यावर एक काम उरतं. भेटीनंतर दोन-तीन दिवसांत आपल्याला सर्दी-ताप आला, किंवा घरात कुणाला कांजिण्या निघाल्या, तर लाज न बाळगता लगेच कळवावं. त्यांना मग काय बघायचं ते कळतं: बाळ दूध ओढायला कंटाळतंय का, उठवूनही उठत नाही का, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का. एवढ्या लहान बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप भरला तर घरचं औषध देऊन सकाळपर्यंत थांबत नाहीत, रात्र असली तरी दवाखान्यात नेतात. तिथे डॉक्टर पहिल्याच प्रश्नांत विचारतात, घरात कुणी आजारी होतं का, बाहेरचं कुणी येऊन गेलं का. त्याचं उत्तर आपल्या फोनमुळे त्यांच्याजवळ तयार असतं.